शेवटच्या ओळीत दडलेला मथळा

एक कोडं. एका तुकड्याचं आकारमान ४९ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दोन घोट चहा. दुसऱ्याचं साडेएकतीस लिटर, म्हणजे ऑफिसात येणारे पाण्याचे वीस लिटरवाले जार दीडेक. चाचणी झालीये दोन घोटांवर आणि निर्वाळा द्यायचाय दीड जारबद्दल. ही गोष्ट स्लाइडवर कुठे लिहाल?

जानेवारी २००३ मध्ये बोइंगच्या अभियंत्यांनी ती लिहिली अगदी तळाला. मथळ्याखाली मुद्दा, मुद्द्याखाली पोटमुद्दा, पोटमुद्द्याच्याही पोटात आणखी एक, आणि त्या शेवटच्या ओळीत हे दोन आकडे: १९२० घन इंच आणि ३ घन इंच. गुणोत्तर ६४० पट. ते मात्र स्लाइडवर नव्हतं, वाचणाऱ्याने मनात काढायचं होतं.

तेव्हा कोलंबिया यान अंतराळात होतं. १६ जानेवारीला उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. धोका किती, हे नासाला सांगण्यासाठी स्लाइड बनल्या. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं आणि कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या एका स्लाइडला जागा दिली. माहितीच्या मांडणीवर आयुष्यभर लिहिणारे एडवर्ड टफ्टी यांनी तिची ओळ न् ओळ उसवली. मला विचाराल, तर गच्च भरलेली स्लाइड मोकळी कशी करायची हे शिकायला याहून चांगला नमुना नाही. चला, तीच उघडू.

मथळा म्हणतो ‘निवांत’, तळ म्हणतो ‘थांबा’

स्लाइडवर साधारण शंभर शब्द. मथळ्याचा आशय असा: चाचण्यांची माहिती तपासली असता, यानाची उष्णतारोधक टाइल भेदली जाण्याबाबतचा अंदाज सावध बाजूला झुकलेला दिसतो. घाईत वाचणारा साहेब यातून काय घेणार? ‘काळजीचं कारण नाही.’ प्रत्यक्षात तो ‘सावधपणा’ यानाचा नव्हता. नुकसानीचं गणित करणारं ‘क्रेटर’ नावाचं सूत्र टाइलमध्ये तुकडा किती खोल घुसेल हे वाढवून सांगतं, एवढाच त्याचा अर्थ.

खाली ‘लक्षणीय’ या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याच्या भावंडांसह पाच वेळा आलाय. टफ्टींनी बोट ठेवलं ते इथे: पाचही ठिकाणी अर्थ वेगळा. कुठे ‘बराच’, कुठे ‘सगळे दगावतील इतका’, आणि एके ठिकाणी चक्क ‘६४० पट’. एकच विशेषण सगळीकडे चोळलं की आकडा त्याच्यामागे लपतो. गंमत म्हणजे ‘घन इंच’ हे परिमाण याच स्लाइडवर तीन वेळा आलंय आणि तिन्ही वेळा वेगळ्या पद्धतीने टाइप केलंय.

आता कात्री हातात घ्या. पहिलं काम छाटण्याचं नाही, शोधण्याचं: ज्या एका ओळीमुळे ऐकणाऱ्याचा निर्णय बदलेल, ती कुठली? माझा अनुभव असा की ती बहुतेक वेळा शेवटच्या तिसऱ्या हिश्शात सापडते. आपण लिहिताना आधी पार्श्वभूमी, मग पद्धत, मग निरीक्षणं आणि दमलो की निष्कर्ष, या क्रमाने जातो. कळायला हवं ते नेमकं दमलेल्या जागी पडलेलं असतं. इथेही तसंच. तळाची ती ओळ उचला आणि वर नेऊन तिचं वाक्य करा:

*फोमचा तुकडा चाचणीतल्या तुकड्याच्या ६४० पट आहे. जुन्या चाचण्यांवरून यान सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही.*

हा मथळा. त्याखाली तीन आधार:

*१. चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा, आदळलेला अंदाजे १९२० घन इंचांचा.*
*२. वस्तुमान आणि वेग पुरेसा असेल तर फोम टाइल भेदतो, हे चाचण्यांतच दिसलंय. त्यापुढे ऊर्जा थोडी वाढली तरी नुकसान मोठं.*
*३. क्रेटर नुकसान वाढवून सांगतं, हा दिलासा लहान तुकड्यांपुरता. इथे तो लागू धरता येत नाही.*

६४० हा भागाकार सोडला तर नवी माहिती एका अक्षराची नाही. सगळं मूळ स्लाइडवर होतंच, फक्त डोक्यावर उभं होतं.

तिसरा आधार नीट पाहा. दिलासा देणारी बाजू मथळ्याच्या विरोधात जाते, म्हणून ती गाळायचा मोह होतो. गाळली की स्लाइड सुटसुटीत होते आणि खोटीही. समोरचा ‘पण क्रेटरचं काय?’ असं विचारणारच. तो प्रश्न स्लाइडनेच आधी घ्यायला हवा. तीन जागांपैकी एक जागा विरोधी पुराव्याला दिली की उरलेल्या दोन जास्त खऱ्या वाटतात.

‘…चा आढावा’ नावाचा रोग

अब्राहम लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण अवघं पावणेतीनशे शब्दांच्या आतबाहेरचं. संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर्विग यांनी गमतीत त्याची पॉवरपॉइंट बनवली: सहा स्लाइड, वर विषयपत्रिका, शेवटी सारांश, आणि मध्ये ‘नवी राष्ट्रं: ८७ वर्षांपूर्वी एक, आज शून्य’ असा स्तंभालेख. भाषणातलं रक्तच गेलं, कारण मथळ्यांत क्रियापद नव्हतं. होती ती नुसती लेबलं.

मराठीत हा रोग बळावतो, कारण आपलं क्रियापद बसतं शेवटी. शेपूट कापली की वाक्याचं लेबल झालंच: ‘पाणीपुरवठ्याचा आढावा’, ‘टँकर खर्चाबाबत’, ‘सद्यःस्थिती व उपाययोजना’. सोसायटीच्या सभेत असा मथळा पडद्यावर आला की लोक मोबाइल काढतात. त्याऐवजी लिहा: ‘बोअरवेल मार्चअखेर आटेल; टँकरची ऑर्डर आजच द्यावी लागेल.’ लगेच तिसऱ्या रांगेतले काका उठतील, ‘कशावरून?’

काका उठले म्हणजे मथळा जमला. ज्याच्याशी कुणाला भांडताच येत नाही ते लेबल, वाद घालता येतो ते वाक्य. अमेरिकेत तंत्रज्ञांना लेखन-सादरीकरण शिकवणारे मायकल ॲली मथळ्याला पूर्ण वाक्याचा आणि जास्तीत जास्त दोन ओळींचा दंडक लावतात. तिसरी ओळ लागली तर समजा की एका स्लाइडमध्ये दोन स्लाइड कोंबल्यात. त्यांना वेगळं करा.

आणि काकांचा तो प्रश्न फेकू नका, कारण तीन मुद्दे निवडायची चाळणी तीच आहे. प्रत्येक मुद्दा ‘कशावरून?’चं उत्तर हवा. बोअरच्या पाण्याची पातळी गेल्या दोन महिन्यांत किती उतरली, हे उत्तर. मागच्या वर्षी बोअर कधी आटली, हेही उत्तर. ‘पाणी हेच जीवन’ हे उत्तर नाही, सुविचार आहे. तो जिन्यातल्या फळ्यावर लिहा.

तीनच का?

तीन आकड्यात जादू नाही. १९५६ साली जॉर्ज मिलर यांचा ‘सात, अधिक-उणे दोन’ हा निबंध आला आणि लोकांनी त्यावरून ‘स्लाइडवर सात मुद्दे चालतात’ असा अर्थ काढला. मिलर स्लाइडबद्दल बोलतच नव्हते. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी मांडलं की मनातल्या मनात उजळणी करायला वाव नसेल तर एका वेळी चारेक गोष्टीच धरून ठेवता येतात. मथळा एक, आधार तीन. बेरीज तुम्हीच करा. दोनच आधार असतील तर तिसरा ओढूनताणून आणू नये. तो भरतीचा आहे हे काकांना लांबूनही कळतं.

टाइप आपोआप आक्रसतो, आपल्याला कळतही नाही

गर्दीला आपला हव्यास जबाबदार, हे खरंच. पण सॉफ्टवेअरही साथ देतं. चौकटीत मजकूर मावेना की पॉवरपॉइंट गुपचूप टाइप बारीक करतं. सेटिंगचं नाव `Shrink text on overflow`. २८ पॉइंटवर सुरू केलेला परिच्छेद १६ वर येतो आणि आपण म्हणतो, ‘बसलं की!’ ते बंद करून `Do not Autofit` निवडा. मग जास्तीचा मजकूर चौकटीबाहेर सांडतो आणि सांडलेलं दिसलं की हात आपोआप आवरतो. एकदा मी दीडशे शब्दांची स्लाइड हॉलमध्ये लावली होती. मागच्या रांगेतल्या बाईंनी दुर्बीण मागितली. सेटिंग तेव्हापासून बंद.

सांडलेला मजकूर फेकायचा नसतो. स्लाइडखाली नोट्सची जागा असते, परिच्छेद जसाच्या तसा तिथे ठेवा. बोलताना प्रेझेंटर व्ह्यूमध्ये तो फक्त तुम्हाला दिसेल. कोलंबियाच्या स्लाइडमधली क्रेटरची पद्धत, वेगाचे तपशील, कुठल्या चाचण्या तपासल्या ते, सगळं तिथे किंवा छापील टिपणात. मूळ दुखणंही तेच होतं. टफ्टी आणि चौकशी मंडळ दोघांची तक्रार होती की सविस्तर तांत्रिक अहवालाची जागा स्लाइडच घेत होत्या. अहवाल आणि स्लाइड एकाच कागदात बसवायला गेलं की दोन्हीही होत नाही.

कात्रीच्या पलीकडे

मथळा नीट असता तर यान वाचलं असतं का? तसं म्हणणं सोपं आहे आणि चूक. स्लाइड टाइलबद्दल होती. फोम आदळला होता पंखाच्या पुढच्या कडेवर, जिथे टाइल नव्हे तर कार्बनचे पॅनल असतात. यानाचे जवळून फोटो मिळावेत म्हणून अभियंत्यांनी केलेल्या मागण्याही फळाला आल्या नाहीत. मांडणी सुधारली की चुकीचा प्रश्न बरोबर होत नाही, फक्त लवकर उघडा पडतो. ‘६४० पट’ वर असतं तर निदान कुणीतरी विचारलं असतं, ‘मग आपल्याला माहीत काय आहे?’

उत्तर मिळालं ७ जुलै २००३ रोजी, टेक्सासमध्ये. तशाच पॅनलवर तोफेसारख्या यंत्रातून फोमचा तुकडा डागला. भोक पडलं, साधारण चाळीस सेंटिमीटरचं.

जाता जाता, पॉवरपॉइंटबद्दल एक. १९८७ साली ते बाजारात आलं तेव्हा मॅकिन्टॉशवर चालायचं आणि मुख्य काम होतं ओएचपीच्या पारदर्शक कागदांसाठी पानं बनवणं. नाव आधी ‘प्रेझेंटर’ ठरलं होतं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते बनवणारी अख्खी कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला घेतली. पॉवरपॉइंटमधलं एक बटन फार कमी लोकांना ठाऊक आहे: स्लाइड शो चालू असताना की-बोर्डवर `B` दाबा, पडदा काळा होतो आणि सगळे तुमच्याकडे बघू लागतात. परत दाबलं की स्लाइड हजर. पुढच्या सभेत करून पाहा.