घेतल्यानंतरची रुखरुख

गाडीचे बुकिंग करून माणूस शोरूममधून बाहेर पडतो तेव्हा आनंदात असतो. रात्री जेवताना मात्र मनात काहीतरी टोचू लागते. दुसरी गाडी घ्यायला हवी होती का? थोडे थांबलो असतो तर? मराठीत या अवस्थेला नेमका शब्द आहे, रुखरुख. विकणाऱ्याला ती दिसत नाही. त्याला आठ दिवसांनी ‘बुकिंग रद्द करायचंय’ एवढाच फोन येतो, आणि भाव पटला नसेल असे समजून तो विषय सोडून देतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1957 मध्ये या अस्वस्थतेचे कारण मांडले. दोन चांगल्या वस्तूंपैकी एक निवडली की सोडलेल्या वस्तूचे गुण मनातून पुसले जात नाहीत आणि घेतलेलीचे दोषही तिच्याबरोबर घरी येतात. ‘मी विचार करून घेतली’ आणि ‘तिच्यात हे कमी आहे’ ही दोन वाक्ये मनात एकत्र नांदत नाहीत. दोन्ही वस्तू जितक्या तुल्यबळ आणि पैसे जितके जास्त, तितकी ही ओढाताण मोठी. म्हणूनच भाजी घेतल्यावर ती जाणवत नाही, फ्रिज घेतल्यावर जाणवते.

त्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठातील अभ्यासकांनी नव्याने गाडी घेतलेल्या लोकांच्या वाचनाकडे पाहिले. हे लोक जाहिराती वाचत होते, पण मुख्यतः स्वतः घेतलेल्याच गाडीच्या. व्यवहार तर होऊन गेला होता. मग जाहिरात कशासाठी? आपली निवड बरोबर होती, हे कुणीतरी सांगावे म्हणून. खरेदीनंतर ग्राहक असा आधार शोधत असतो. तो दुकानदाराने दिला नाही, तर शेजारी किंवा मेव्हणा स्वतःचे मत देतो, आणि ते नेहमीच आधाराचे नसते.

दुकानदाराने तो दिला तर काय होते, हे 1970 मध्ये दोन वेगवेगळ्या अभ्यासांत तपासले गेले. जेम्स डॉनेली आणि जॉन इव्हान्सेविच यांनी गाडीची ऑर्डर दिलेल्या, पण गाडी अजून हातात न आलेल्या ग्राहकांना घेतले. त्यांतील काहींना मधल्या काळात दोन फोन केले आणि त्यांच्या निवडीला दुजोरा दिला. फोन आलेल्या गटात ऑर्डर मागे घेणारे कमी निघाले. शेल्बी हंट यांनी फ्रिज घेतलेल्या लोकांवर प्रयोग केला. काहींना दुकानाकडून पत्र गेले, काहींना फोन गेला, उरलेल्यांना काहीच नाही. पत्र मिळालेल्यांची रुखरुख कमी झाली. फोन आलेल्यांची मात्र काहीच न आलेल्यांपेक्षाही जास्त भरली.

मला या विषयात सर्वांत मोलाची वाटते ती हीच विसंगती. फोन एकीकडे उपयोगी पडला आणि दुसरीकडे नडला. माझ्या मते कारण ग्राहकाच्या परिस्थितीत आहे. गाडीचा ग्राहक वाट पाहत होता, त्यामुळे शोरूमचा फोन त्याला अपेक्षित होता. फ्रिज घरी येऊन चालू झालेला असताना दुकानातून अचानक फोन आला, तर पहिला विचार येतो, ‘का बरे? काही बिघडणार आहे का? आणखी काही विकायचंय का?’ पत्र सवडीने उघडता येते, पुन्हा वाचता येते, आणि ते उत्तर मागत नाही.

आता हे आपल्याकडच्या एका व्यवहारात उतरवून पाहू. समजा, साताऱ्याच्या एका जोडप्याने गुढीपाडव्याला बारा लाखांची गाडी बुक केली आणि ती सहा आठवड्यांनी मिळणार आहे. दोन गाड्यांमध्ये त्यांचे मन अडले होते. ही घेतली कारण वडिलांचे गुडघे दुखतात आणि हिची सीट उंच आहे. शिवाय सर्व्हिस सेंटर घरापासून दहा मिनिटांवर आहे. सोडलेल्या गाडीचे सनरूफ मुलीला फार आवडले होते.

त्याच संध्याकाळी सेल्समनकडून त्यांना असा व्हॉट्सॲप संदेश जावा: ‘नमस्कार सर, आज बाबांनी सीटवर बसून पाहिलं आणि हात न टेकता उतरले, तेव्हाच तुमचं ठरलं असं मला वाटलं. बुकिंगची पावती सोबत जोडली आहे. गाडीची पुढची खबर दहा दिवसांनी मी स्वतः कळवतो.’ यात ‘अभिनंदन, आपली निवड सर्वोत्तम’ असे काही नाही, कारण ते वाक्य सगळ्यांनाच जाते हे ग्राहकाला ठाऊक असते. यात ग्राहकाचे स्वतःचे कारण त्याला परत दिले आहे. त्यासाठी सेल्समनने ते बुकिंगच्या वेळी वहीत टिपलेले असायला हवे. इथेच बहुतेक शोरूम कमी पडतात: नाव, रंग, व्हेरिएंट लिहून घेतात, कारण लिहीत नाहीत.

दहाव्या दिवशी कबूल केल्याप्रमाणे दुसरा संदेश. खबर काही नसेल तर ‘अजून काही कळलेलं नाही’ असे सांगणारा. दिलेला शब्द मोडला, तर शंकेला खरेच कारण मिळते. तिसरा संदेश गाडी यायच्या दोन दिवस आधी: कोणती कागदपत्रे आणायची, पूजेसाठी किती वेळ मिळेल. मधल्या काळात वाढीव वॉरंटी विकायला जाऊ नये. आधीच धास्तावलेल्या माणसाला ती ‘गाडी बिघडेल’ असेच सांगते. ‘काही शंका आहे का?’ असे मोघम विचारणेही टाळावे. नसलेली शंका त्याने जागी होते.

संदेशांचा उपयोग होतो की नाही, हे दुकानाला स्वतः पाहता येते. तीन महिने सम क्रमांकाच्या बुकिंगना संदेश पाठवावेत, विषम क्रमांकाच्या बुकिंगना पाठवू नयेत आणि दोन्हीकडची रद्द झालेली बुकिंगे मोजावीत. प्रत्येकासमोर कारणही लिहावे. ‘मन बदललं’ असे सांगणारे कमी झाले, तर संदेशाचा उपयोग झाला. ‘सांगितलं एक आणि मिळालं दुसरं’ अशी तक्रार असेल, तर ती संदेशाने मिटणार नाही आणि मिटवूही नये. त्या ग्राहकाची शंका खरी आहे आणि त्याचे पैसे परत करणे हेच तिचे उत्तर आहे.

आधार देणे आणि अडवून ठेवणे यांतली ही रेघ मला फार महत्त्वाची वाटते. रद्द करू पाहणाऱ्या ग्राहकाला ओशाळे करणारी वाक्ये दाखवणे किंवा बाहेर पडण्याची वाट लपवणे यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. रद्द करण्याची पद्धत पहिल्याच संदेशात साध्या शब्दांत लिहिली, तर दुकान आपल्याला धरून ठेवत नाही हे ग्राहकाला कळते आणि त्याचा विश्वास वाढतो.

आणि तुम्ही ग्राहक असाल, तर दुकानाच्या संदेशाची वाट पाहू नका. बुकिंगच्या दिवशीच, ही वस्तू का घेतली आणि कोणती सोडली, हे दोन ओळींत लिहून ठेवा. रुखरुख लागली की आधी तो कागद काढा. त्यातली कारणे अजून खरी असतील तर निवांत झोपा. एखादे खोटे ठरले असेल तर सकाळी शोरूमला फोन करा.