वेळेला शेपटी हवी

लंडनमधल्या गायनशिक्षिकेचा ऑनलाइन वर्ग पुण्यातून नोंदवायचा आहे. ॲपकडून सर्व्हरला नुसतं ‘२६ मार्च, साडेसात’ एवढंच गेलं, तर ते साडेसात कुठले? म्हणून वेळेच्या शेवटी जगाच्या प्रमाणवेळेपासूनचा, म्हणजे यूटीसीपासूनचा, फरक जोडतात. हाच ऑफसेट.

```
2026-03-26T19:30:00+05:30
2026-03-26T14:00:00Z
```

दोन्ही ओळी एकच क्षण सांगतात. Z म्हणजे फरक शून्य. २००२ सालच्या RFC 3339 या मानकात ही लेखनपद्धत आहे. IST लिहून भागत नाही, कारण भारत, इस्रायल आणि आयर्लंड तिघेही ती अक्षरं वापरतात.

शेपटी नसलेली वेळ आली, तर सर्व्हरनं अंदाज बांधू नये; चूक सांगून सरळ परत पाठवावी. उत्तर मात्र कायम Z मध्ये द्यावं आणि तसं माहितीपत्रकात लिहावं. नाहीतर +05:30 पाठवणारा डेव्हलपर परत आलेल्या Z शी अक्षरं ताडून बघतो आणि वेळ बदलली म्हणून तक्रार करतो.

खरा त्रास देतं ते अधिकचं चिन्ह. वेळ पत्त्यातून, म्हणजे ?from= नंतर पाठवली, की बरेच सर्व्हर + ला रिकामी जागा समजतात. न्यूयॉर्कच्या -04:00 ला काही होत नाही, Z लाही नाही. त्यामुळे अमेरिकेत बसून केलेल्या चाचण्या बिनघोर पार पडतात आणि चूक नेमकी भारतातल्या माणसाला दिसते. लॉगमध्ये `19:30:00 05:30` असं मधे भगदाड दिसलं, की ओळखावं. उपाय + ऐवजी %2B पाठवण्याचा. माहितीपत्रकातलं उदाहरण म्हणूनच +05:30 चं असावं, तेही कॉपी करून तसंच चालवता येईल असं:

```
?from=2026-03-26T19:30:00%2B05:30
```

आता तोच वर्ग दर गुरुवारी, लंडनच्या दुपारी दोनला आहे असं धरा. २६ मार्चला पुण्यात साडेसात वाजलेले असतात. २९ मार्च २०२६ ला ब्रिटनमध्ये घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणून २ एप्रिलला बाईंचे दोन वाजतील तेव्हा पुण्यात साडेसहाच असतील. प्रोग्रॅमनं जुन्या वेळेत नुसते सात दिवस मिळवले, तर विद्यार्थी साडेसातलाच येणार आणि तोवर तासाभराचा वर्ग संपलेला असणार.

ऑफसेट त्या एका क्षणापुरता असतो. घड्याळं कधी बदलतात हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून दर आठवड्याच्या वर्गासाठी वेगळी फील्ड ठेवावी लागतात: वार, स्थानिक वेळ `14:00` आणि प्रदेशाचं नाव `Europe/London`. एकेका वर्गाचा ऑफसेट सर्व्हर त्यावरून काढतो. कुठल्या फील्डला शेपटी लागते आणि कुठल्या फील्डला मुळीच चालत नाही, हे त्या त्या फील्डसमोरच लिहावं; शेवटच्या पानावरची टीप कोणी उघडत नाही.