दाखवलं तेच करायचं

दंत महाविद्यालयातल्या लहान मुलांच्या विभागाला विद्यार्थी नुसतं ‘पेडो’ म्हणतात. तिथे येईपर्यंत इंटर्नचा हात दात भरण्यात बऱ्यापैकी बसलेला असतो. अडतं ते त्याआधीच, चार वर्षांचं मूल तोंडच उघडत नाही तिथे. अमेरिकेतले दंतवैद्य हॅरॉल्ड ॲडलस्टन यांनी १९५९ साली यासाठी एक पद्धत मांडली आणि ती जगभरच्या पेडो विभागांत आजही पहिल्यांदा शिकवली जाते. आधी सांगा, मग दाखवा, मग करा. ‘टेल-शो-डू’. परीक्षेत हे उत्तर कोणीही पाच ओळींत लिहून मोकळं होतं. खुर्चीशेजारी उभं राहिलं की गडबड होते, आणि बहुतेक वेळा ती ‘दाखवा’ आणि ‘करा’ यांच्या मधल्या काही सेकंदांत होते.

समजा, चार वर्षांची एक मुलगी आहे. तिला ओवी म्हणू. खालच्या दुधाच्या दाढेत छोटी कीड आहे, पण ठणका नाही, सूज नाही. आज फक्त तपासणी आणि दात घासून चकचकीत करणं एवढंच करायचं आहे. ओवी आईचा पदर सोडत नाही, रडतही नाही. खुर्चीत बसते, पण ओठ घट्ट मिटलेले. केसपेपरवर इंटर्न ‘उणे’ अशी खूण करते. फ्रँकल नावाच्या मोजपट्टीत मुलाच्या वागण्याचे चार दर्जे असतात: दोन उणे, एक उणे, एक अधिक, दोन अधिक. लाथा मारणारं, किंचाळणारं मूल दोन उण्यांत जातं. ओवीसारखं गप्प, आक्रसलेलं मूल एका उण्यात. नवख्यांना ही गप्प मुलं ‘शहाणी’ वाटतात, आणि इथेच फसगत होते. खुर्चीचा हात धरलेली बोटं पांढरी पडली आहेत का, पायाची बोटं आत वळली आहेत का, श्वास रोखून धरलाय का, हे बघावं लागतं. रडू न येणं म्हणजे होकार नव्हे.

आता काम. रबराची छोटी वाटी बसवलेलं, हळू फिरणारं यंत्र वापरायचं आहे. इंटर्न खुर्ची एकदम आडवी करत नाही. आधी स्वतः स्टुलावर बसून ओवीच्या डोळ्यांच्या पातळीवर येते. मग सांगते, “ओवी, हा आपला ब्रश. हा गोल गोल फिरतो आणि घुर्रर्र आवाज करतो. दाताला गुदगुल्या होतात.” वाक्यं तेवढीच. ‘ड्रिल’, ‘सुई’, ‘दुखणं’ हे शब्द नाहीत. आणि ‘अजिबात दुखणार नाही हं’ हेही नाही, कारण ते ऐकेपर्यंत तिच्या डोक्यात दुखण्याचा विचारच नसतो.

मग दाखवायचं. यंत्र आधी लांब, हवेत फिरवून आवाज ऐकवायचा. मग रबरी वाटी स्वतःच्या नखावर, मग ओवीच्या नखावर. इथे थांबून तिच्या चेहऱ्याकडे बघायचं. हात मागे घेतला तर पुन्हा एकदा स्वतःच्या नखावर, किंवा आईच्या. हसू आलं, किंवा दुसरं बोट आपणहून पुढे आलं, की समजायचं दाखवून झालं.

आणि लगेच करायचं. तीच वाटी, तोच वेग, तोच आवाज, आधी पुढच्या एका दातावर. पाचपर्यंत मोठ्याने मोजायचं आणि पाच म्हटल्याबरोबर थांबायचं. ‘अजून थोडंसंच’ म्हणून सातपर्यंत नेलं, तर पुढच्या वेळी तुमच्या पाचावर ती विश्वास ठेवत नाही. थांबल्यावर नुसतं ‘गुड गर्ल’ म्हणण्यापेक्षा “तू तोंड मोठ्ठं उघडं ठेवलंस, म्हणून दात पटकन चमकला” असं म्हणावं. मग तिला कळतं की नेमकं काय पुन्हा करायचं आहे. तिला एक खूणही द्यायची: थांबवायचं असेल तर डावा हात वर. बरीच मुलं पहिल्याच मिनिटात उगाचच हात वर करून बघतात. ती परीक्षा असते. तेव्हा खरंच थांबायचं असतं.

फिसकटतं ते असं. दाखवताना रबरी वाटी दाखवली आणि तोंडात गेला एअर रोटर. तो मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेतो, कर्कश शिट्टी मारतो आणि वर पाण्याचा फवारा सोडतो. मुलाने ज्याला होकार दिला होता ते हे नव्हतंच. रोटर वापरायचा असेल, तर त्याचा आवाज आणि गार पाणी वेगळं सांगावं, दाखवावं लागतं. फिरती बर मात्र बोटाला कधीच लावायची नाही, नुसत्या पाण्याचा स्पर्श तळहाताला पुरतो. पाणी ओढणारी सक्शनची नळीही आधी गालावर लावून दाखवावी. दुसरी चूक वेळेची. दाखवून झालं आणि इंटर्न सरांना बोलवायला गेली, परत यायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत ओवीने मनात काय काय रचलं असेल, याचा अंदाज बांधता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून सही आधी, दाखवणं नंतर.

इंजेक्शनला ही पद्धत जशीच्या तशी लावता येत नाही. सुई दाखवून कोणतंही मूल शांत झालेलं मी पाहिलेलं नाही. दाखवायची ती बधिर करणारी जेली, कापसाच्या बोळ्यावर, तिचा वास आणि चव. ती एक-दोन मिनिटं हिरडीवर ठेवायची. सिरिंज मुलाच्या नजरेआडून, हनुवटीखालून द्यायची. गाल ताणून किंचित हलवत राहायचा आणि औषध अगदी सावकाश सोडायचं. सांगायचं मात्र खरं: “दाताला झोपवायचं औषध देतेय. थोडं चिमटल्यासारखं वाटेल, मग ओठ जाडजाड वाटेल.” मुलाने थेट “सुई आहे का?” विचारलं, तर ‘नाही’ म्हणू नये. एकदा खोटं पकडलं गेलं, की पुढच्या डॉक्टरचंही काम अवघड होतं. आणि घरी जाताना आईला सांगायला विसरू नये, की बधिरपणा उतरेपर्यंत ओठ चावत नाही ना, यावर लक्ष ठेवा. त्या चावलेल्या ओठाची सूज पाहून पालक घाबरून परत येतात.

पद्धतीला मर्यादा आहेत. तीन वर्षांखालच्या मुलाला ‘सांगा’ ही पायरी फारशी पोचत नाही. त्याला पालकाच्या आणि डॉक्टरच्या मांडीवर आडवं ठेवून पटकन तपासतात. गाल सुजलेला, ताप आलेला, रात्रभर न झोपलेला असेल, तर शिकवत बसायला वेळही नसतो आणि मुलाची ताकदही. तिथे आधी संसर्ग आणि वेदना. गरज पडली तर भूल देऊन काम. उलट ओवीसारखी ठणका नसलेली कीड असेल, तर पहिल्या दिवशी फक्त दात मोजून, घासून घरी पाठवणं हेच शहाणपणाचं. विद्यार्थ्यांना हे पटत नाही, कारण त्यांचा कोटा भरायचा असतो. अर्धा तास गेला आणि एकही फिलिंग नाही! पण दुसऱ्या भेटीत तीच मुलगी आपणहून खुर्चीत चढली, तर केसपेपरवर ‘अधिक’ लिहिता येतं, आणि दाढ भरायला बहुतेक वेळा एकच भेट पुरते.

पालकांना एवढीच विनंती: “रडलीस तर डॉक्टर सुई टोचतील” हे वाक्य दवाखान्यातच नव्हे, घरीही वापरू नका. आदल्या रात्री फार समजावत बसू नका. “उद्या डॉक्टर तुझे दात मोजणार आहेत” एवढं पुरे. आणि दाढ ठणकायला लागण्याआधी या.