जोडणी दिसते, पण असते कुठे?

जेवणाच्या सुट्टीनंतर कारकून पावती काढायला बसतो आणि पडद्यावरचं चक्र नुसतं फिरत राहतं. शेजारच्या टेबलावरून मात्र तीच पावती लगेच निघते. सर्व्हर चालू, डेटाबेस चालू, लॉगमध्ये एकही चूक नाही. तक्रार आठवडाभर येत राहते, पण नेमकी शांत वेळेनंतरच.

दोष दोन्ही टोकांना नसतो, मधल्या यंत्रात असतो. दरवेळी नवी जोडणी करण्यात वेळ जातो, म्हणून प्रोग्रॅम डेटाबेसशी केलेल्या काही जोडण्या 'पूल'मध्ये राखून ठेवतो. वाटेतला लोड बॅलन्सर किंवा नॅट यंत्र चालू जोडण्यांची यादी ठेवतं आणि ठरावीक काळ हालचाल नसलेली नोंद पुसून टाकतं. अ‍ॅझूरच्या लोड बॅलन्सरची मूळ मर्यादा ४ मिनिटांची आहे. रीसेटची सोय चालू केलेली नसेल, तर नोंद पुसल्याचं तो कुणालाही कळवत नाही.

त्यामुळे प्रोग्रॅमला जोडणी शाबूत वाटते. तो प्रश्न पाठवतो, उत्तर येत नाही, मग लिनक्स तीच पाकिटं पुन्हापुन्हा पाठवत राहतं. मूळ सेटिंग असेल तर हार मानायला त्याला १५ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. tcpdump लावला की ही पुनरावृत्ती स्पष्ट दिसते. एडब्ल्यूएसचं नॅट गेटवे ३५० सेकंदांनी नोंद काढतं, पण पुढचं पाकीट येताच रीसेट धाडतं. तिथे ताटकळणं नसतं, थेट 'Connection reset by peer' येतं.

यावरचा पहिला उपाय म्हणजे कीपअलाइव्ह. रिकाम्या जोडणीवरून अधूनमधून एक छोटं पाकीट जातं आणि यादीतली नोंद ताजी राहते. लिनक्सवर मात्र पहिलं पाकीट ७२०० सेकंदांनी, म्हणजे २ तासांनी जातं. तोवर ४ मिनिटांची नोंद कधीच पुसली गेलेली असते. म्हणून ही वेळ मधल्या यंत्राच्या मर्यादेपेक्षा बरीच कमी लागते.

दुसरा उपाय म्हणजे पूलमधून जोडणी हाती देण्यापूर्वी ती तपासणं. पायथनच्या एसक्यूएलअल्केमीत, पोस्टग्रेससाठी, हे दोन्ही असे लिहितात:

```python
engine = create_engine(
    url,
    pool_pre_ping=True,
    connect_args={
        "keepalives_idle": 60,
        "tcp_user_timeout": 10000,
    },
)
```

यातली शेवटची ओळ अनेकदा राहून जाते. जोडणी गुपचूप तुटलेली असेल तर तपासणीचा प्रश्नही तसाच अडकतो. १०,००० मिलिसेकंदांची ही मर्यादा त्याला सुमारे १० सेकंदांत सोडवते आणि पूल नवी जोडणी करतो.

नुसत्या तपासणीवरही भागत नाही. एखादा अहवाल तयार व्हायला ६ मिनिटं लागली, तर तेवढा वेळ तारेवरून काहीच जात नाही. जोडणी सुरुवातीला ठणठणीत असूनही उत्तर परत येईपर्यंत वाट बंद झालेली असते. तिथे कीपअलाइव्हच कामी येतं.

तेव्हा अशी तक्रार आली की डेटाबेसची क्षमता वाढवण्याआधी वाटेतल्या प्रत्येक यंत्राची रिकाम्या वेळेची मर्यादा विचारून घ्यावी आणि कीपअलाइव्ह त्यातल्या सर्वांत लहान आकड्याच्या आत ठेवावं.