कापलेल्या रजेचा हिशेब कसा मागावा

पगार कमी जमा झाला की पहिला राग रकमेवर निघतो. पण लेखा विभागाला लिहिताना भांडण दिवसांचं असतं. रजा मंजूर करणारे आणि हजेरीपट तयार करणारे लोक वेगळे असतात. लेखा विभागाकडे बहुधा फक्त एक आकडा येतो: बिनपगारी दिवस इतके. त्या आकड्याने गुणाकार होतो आणि पैसे बँकेत जातात. म्हणून पासबुक बघून पत्र लिहू नये. आधी पगारपत्रकात बिनपगारी दिवस किती धरलेत ते बघावं.

समजा, एकूण पगार 36,000 आहे. भविष्यनिर्वाह निधीचे 1,800 आणि व्यवसाय कराचे 200 वजा जाता हातात 34,000 येतात. जून 2026 मध्ये शनिवार 13 आणि सोमवार 15 अशी रजा घेतली. शनिवारची किरकोळ रजा मंजूर होती, सोमवारची बिनपगारी. महिन्याचे 30 दिवस धरले तर दिवसाचे 1,200 होतात, म्हणजे 32,800 यायला हवेत. आले 30,400. याचा अर्थ तीन दिवस कापले गेले: मंजूर शनिवार आणि मधला रविवारसुद्धा.

शनिवार का कापला गेला, याचं उत्तर बहुतेक वेळा साधं असतं. पगाराची आकडेमोड सुरू झाल्यावर मंजुरी पोचलेली असते. रविवारचं तसं नाही. दोन रजांमध्ये अडकलेली सुट्टी रजेत धरायची की नाही, हे आस्थापनेच्या रजा-नियमांवर ठरतं. ज्या नियमात फक्त दोन्ही बाजूंच्या बिनपगारी रजांचा उल्लेख आहे, तिथे शनिवार पगारी ठरताच रविवारचा आधारही जातो. त्यामुळे तो नियमच मागावा.

पत्र इतकंच पुरे:

«महोदय, जून 2026 च्या पगारपत्रकात माझे तीन दिवस बिनपगारी दाखवले आहेत. 13 जूनची किरकोळ रजा मंजूर आहे, मंजुरीची प्रत जोडली आहे. 15 जूनची एक दिवसाची कपात मला मान्य आहे. 14 जूनचा रविवार कोणत्या नियमानुसार कापला, ते कृपया कळवावे. नियम लागू नसल्यास दोन दिवसांचे 2,400 रुपये पुढील पगारात द्यावेत आणि माझ्या रजा-खात्यातून एकच किरकोळ रजा वजा करावी.»

मान्य असलेली कपात आधी सांगितली, की वाचणाऱ्याला वादाचा नेमका भाग लगेच दिसतो.

भागाकार मात्र तपासावा. काही ठिकाणी 30 ऐवजी 26 ने भागतात, मग दिवसाचे सुमारे 1,385 होतात. 26 मध्ये साप्ताहिक सुट्ट्या आधीच वगळलेल्या असतात. अशा ठिकाणी रविवारही कापला, तर कपात गैरहजेरीच्या प्रमाणाबाहेर जाते, आणि गैरहजेरीची कपात प्रमाणातच हवी असं वेतन संहिता, 2019 सांगते. ही तक्रार त्याच पत्रात एका ओळीत घालावी.

दुरुस्ती मान्य झाली तर जुलैच्या पत्रकात «मागील थकबाकी 2,400» अशी वेगळी ओळ आणि खात्यात 36,400 दिसायला हवेत.