फिरत्या चाकाचा तोल

चाकाचा तोल पाहण्याची जुनी रीत सोपी आहे. चाक ज्या दंडावर बसवायचे तो दंड पोलादाच्या दोन समपातळीतील, समांतर आणि धारदार कडांवर ठेवावयाचा आणि अलगद सोडावयाचा. जड बाजू आपोआप खाली येते. तिच्या विरुद्ध अंगाला थोडे वजन जोडले, म्हणजे चाक कोणत्याही स्थितीत सोडले तरी जागचे हलत नाही. यास स्थितिक संतुलन म्हणतात. चाक अरुंद असेल, तर बहुधा एवढ्यावर भागते.

परंतु चाकाऐवजी लांबट पिंपासारखे रोटर असेल, तर हीच परीक्षा फसवी ठरते. एखाद्या मोठ्या हवेच्या पंख्याचे ५० किलोग्रॅम वजनाचे, दोन्ही बाजूंस बेअरिंगांवर तोललेले रोटर घ्या. त्याच्या डाव्या टोकाला, आसापासून २५० मिलिमीटर अंतरावर, २० ग्रॅम वजन जादा आहे. उजव्या टोकालाही तितकेच, तितक्याच अंतरावर, पण नेमके उलट बाजूला आहे. कडांवर ठेवले असता ही दोन वजने परस्परांना तोलून धरतात आणि रोटर निर्दोष दिसते. तेच मिनिटाला ३००० फेरे फिरू लागले, की प्रत्येक वजन सुमारे ५० किलोग्रॅम भाराइतक्या केंद्रोत्सारी प्रेरणेने आपापले टोक बाहेर ओढते. एक टोक वर खेचले जाते तेव्हा दुसरे खाली, आणि हा झगडा सेकंदाला ५० वेळा चालतो. बेअरिंगांचे आयुष्य त्यात झिजते.

हा दोष रोटर फिरत असतानाच प्रकट होत असल्यामुळे तो फिरवूनच शोधावा लागतो. गतिक संतुलनाच्या यंत्रावर रोटर फिरवतात, दोन्ही आधारांवरील कंप मोजतात आणि फेऱ्यातील कोणत्या क्षणी तो शिखराला पोचतो हेही टिपतात. मग एका टोकाला माहीत असलेले छोटे वजन लावून रोटर पुन्हा फिरवतात, आणि नंतर दुसऱ्या टोकाशी तसेच करतात. दोन्ही आधारांवरील कंपात पडलेल्या फरकावरून मूळ दोष किती आणि कोणत्या दिशेला आहे, याचा हिशेब निघतो. दुरुस्तीही दोन्ही टोकांना, स्वतंत्रपणे करावी लागते.

असंतुलन शून्यावर आणणे मात्र कोणालाही साधत नाही. किती शिल्लक चालेल, हे ठरविण्यासाठी संतुलनाच्या श्रेणी आहेत. सध्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे २०१६ सालच्या आयएसओ २१९४०, भाग ११ मध्ये, पंखे व पंप यांना जी ६.३ ही श्रेणी सांगितली आहे, वाफेच्या टर्बाइनांना जी २.५, तर मोटारीच्या चाकांना जी ४०. आकडा लहान, तर नियम कडक. ६.३ चा अर्थ असा, की रोटरचा गुरुत्वमध्य आसापासून जेवढा ढळलेला असेल, त्या वर्तुळावरून त्याचा वेग सेकंदाला ६.३ मिलिमीटरहून अधिक असू नये. ३००० फेऱ्यांस हे ढळणे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतके येते. आपल्या रोटरला २५० मिलिमीटर अंतरावर एकूण ४ ग्रॅम, म्हणजे रोटर दोन्ही बाजूंस सारखे असल्यास प्रत्येक टोकाला २ ग्रॅम शिल्लक चालतील. कडांवर निर्दोष ठरलेल्या त्या रोटरमध्ये याच्या दसपट दोष होता!

येथे एक गैरसमज वारंवार होतो. हे ६.३ मिलिमीटर म्हणजे बेअरिंगवर मोजलेला कंप नव्हे. कंप किती होईल, हे पाया व आधार किती ताठ आहेत यावर अवलंबून असते. फिरण्याची गती आणि सांगाड्याची नैसर्गिक कंपनगती जुळल्या, तर उत्तम श्रेणीचे रोटरही जोराने थरथरते.

यंत्र थरथरते ते असंतुलनामुळेच, हे ओळखावे कसे? असंतुलनाचा कंप फेऱ्यागणिक एकदाच उमटतो आणि मुख्यतः आसाशी काटकोनात असतो. आधार ताठ असतील, तर गती दुप्पट केल्यावर त्यामागची प्रेरणा चौपट होते. फेऱ्यात दोनदा उमटणारा किंवा आसाच्या दिशेने जाणवणारा जोरदार कंप असेल, तर आधी दंडांची जोडणी सरळ आहे का ते तपासावे; तेथे वजने लावून उपयोग नाही.

आणि पुली? ती दंडावर खाचेतील चावीने बसते. त्या चावीचे वजन कोणाच्या हिशेबी धरावयाचे? मोटारीचे रोटर अर्धी चावी धरून तोलले आणि पुली मात्र रिकाम्या खाचेनिशी तोलली, तर दोन्ही आपापल्या जागी निर्दोष असूनही एकत्र बसविताच चावीचा बाहेरचा अर्धा भाग जादा ठरतो. म्हणून दोघांनीही अर्ध्या चावीचाच हिशेब धरावा, आणि तो धरला असल्याची खूण दंडाच्या टोकावर आहे की नाही, हे पुली बसविण्यापूर्वी पाहावे.