लॉग म्हटलं, पण कोणता?

बारावीचा विद्यार्थी गणितात 1/x चं इंटिग्रेशन log x असं लिहितो. तिथे पाया e असतो, म्हणजे साधारण २.७१८. पुढच्या तासाला रसायनशास्त्रात pH काढताना त्याच log चा पाया १० होतो. दोन्ही बरोबर, फक्त पाया लिहिण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

१० चा पाया हेन्री ब्रिग्जने १६१७ साली आपल्या कोष्टकांसाठी घेतला, आणि तो निव्वळ सोयीचा होता. २ चा लॉग ०.३०१० असेल तर २०० चा २.३०१०. दशांशानंतरचे आकडे तेच राहत असल्याने एकाच कोष्टकात लहानमोठ्या सगळ्या संख्यांचं काम भागतं. कॅल्क्युलेटरने कोष्टकांची जागा घेतली तरी त्याच्या log बटणाचा अर्थ हाच राहिला, आणि e च्या पायासाठी ln हे वेगळं बटण आलं. डेसिबल मोजणारे इंजिनिअरही १० च्याच पायावर चालतात. कॅल्क्युलसला मात्र e सोयीचा, कारण त्या पायावर log x चं डेरिव्हेटिव्ह नुसतं 1/x येतं, मागे कुठला गुणक लटकत नाही.

खरी फसगत होते ती संगणकावर. ०.०२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा pH काढायचा आहे. कॅल्क्युलेटर १.७० सांगतो. पायथनमध्ये हेच असं होतं:

```
-math.log(0.02)    # 3.912
-math.log10(0.02)  # 1.699
```

पायथनचा `log` e च्या पायाचा, सी भाषेतलाही तसाच. ३.९ हा pH अशक्य वाटत नाही, म्हणून चूक डोळ्यांत भरत नाही. कहर म्हणजे एक्सेलच्या रकान्यात `LOG` १० चा पाया धरतो, आणि त्याच एक्सेलच्या मॅक्रोत, म्हणजे व्हीबीएमध्ये, `Log` e चा.

उत्तर जुळत नसेल तर दोन्ही आकड्यांचा भागाकार करा. २.३०३ आला की पायांची गल्लत झाली म्हणून समजा. १० चा e च्या पायाचा लॉग तेवढाच असतो. रसायनशास्त्रातल्या वेगाच्या सूत्रातला 2.303 इथूनच आलेला आहे. आणि नवं साधन हाती आलं की आधी त्याला १० चा लॉग विचारावा. १ आला तर पाया १०, २.३०३ आला तर e, ३.३२ आला तर २.

हा २ चा पाया संगणकशास्त्राचा. क्रमवार लावलेल्या १,०२४ नोंदी दर खेपेला निम्म्या करत गेलात, तर दहा पायऱ्यांत एकच उरते. वेग फक्त ढोबळमानाने सांगायचा असेल, तर O(log n) मध्ये पाया कोणताही चालतो, कारण पाया बदलला तरी फरक एका स्थिर गुणकाचाच पडतो. नेमक्या पायऱ्या मोजताना मात्र चालत नाही.

आंतरराष्ट्रीय मानकाने १० साठी lg, e साठी ln आणि २ साठी lb ठरवून दिलं आहे. पण अल्गोरिदमच्या कितीतरी पुस्तकांत lg म्हणजे २ चा पाया! तेव्हा lg दिसला की पुस्तकातलं चिन्हांचं पान उघडावं, आणि स्वतः लिहिताना पाया खाली छोट्या अक्षरात लिहून टाकावा.